मुद्दा शेवटी राहून गेला आहे: लेखातले परिच्छेद पुन्हा लावताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार भागात शेती, पाणी, बाजारभाव यांवर लिहिणारे बरेच जण आहेत. त्यांचे लेख वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. माहिती पक्की असते, भाषा चांगली असते, पण ज्या एका गोष्टीसाठी लेख लिहिला ती शेवटच्या सात-आठ ओळींत असते. खालची सगळी उत्तरं एकाच लेखाभोवती दिली आहेत. तो लेख नमुन्यासाठी रचलेला आहे, पण बांधणी नेहमी दिसते तीच आहे. विषय केळीवरचा हरण्या रोग आणि लिहिणारा रावेर तालुक्यातला केळी उत्पादक, असं समजा.

आधी तो लेख कसा आहे ते सांगाल का?

सात परिच्छेद आहेत. पहिल्यात तापीकाठची काळी जमीन, केळीचं वैभव आणि 2016 मध्ये जळगाव केळीला मिळालेलं भौगोलिक मानांकन. दुसऱ्यात लागवडीचा खर्च: टिश्यूकल्चरची रोपं, ठिबक, जून-जुलैत लावलेली मृगबाग आणि पावसाळ्यानंतर लावलेली कांदेबाग यांतला फरक. तिसऱ्यात रोगाची ओळख: पावसाळी ढगाळ हवेत मृगबागेच्या कोवळ्या पानांवर शिरांना समांतर पिवळे पट्टे दिसतात, पान आकसतं, वाढ खुंटते, काही वेळा पोगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडतो. शेतकरी याला हरण्या म्हणतात, कृषी खात्याचे लोक सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस. चौथ्यात तो पसरतो कसा: मावा ही कीड रोगट झाडाचा रस शोषते आणि विषाणू शेजारच्या झाडावर नेते. काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो यांवर मावाही असतो आणि विषाणूही राहू शकतो. पाचव्यात शेजाऱ्याची हकिकत: त्यांनी रोगट झाडांवर फवारण्या केल्या, पैसे गेले, झाडं सुधारली नाहीत. सहाव्यात पंचनामे आणि भरपाई.

आणि सातवा परिच्छेद असा:

«म्हणून मला शेतकरी बांधवांना एवढंच सांगायचं आहे, की असं झाड दिसलं तर त्याची वाट पाहू नका. ते त्याच दिवशी मुळासकट उपटा आणि शेताबाहेर नेऊन पुरा. वर सांगितल्याप्रमाणे त्याला कोणतंही औषध बरं करत नाही, आणि ते उभं आहे तोवर रोग पसरत राहतो. तसंच बागेत काकडीवर्गीय पिकं, मिरची, टोमॅटो घेऊ नका.»

ज्याच्या बागेत आज सकाळी पिवळ्या पट्ट्याचं पान दिसलं आहे, त्याला या चार ओळी हव्या आहेत. त्यांच्याआधी त्याला सहा परिच्छेद ओलांडावे लागतात.

मुद्दा शेवटीच का जाऊन बसतो?

दोन कारणं दिसतात आणि दोन्ही लिहिणाऱ्याच्या स्वभावापेक्षा सवयीतली आहेत. पहिलं शाळेतलं. निबंध म्हटलं की प्रस्तावना, विषयविस्तार, समारोप ही चाकोरी हाताला बसलेली असते. प्रस्तावनेत विषयाची थोरवी, समारोपात आपलं मत. त्या चाकोरीत मत आधी मांडणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून सरळ सांगायची गोष्टही समारोपासाठी राखून ठेवली जाते.

दुसरं कारण जास्त खोलवरचं आहे. बहुतेकांना आपल्याला नेमकं काय म्हणायचं आहे ते लिहिता लिहिता सापडतं. वरच्या लेखकाने तापीकाठापासून सुरुवात केली तेव्हा त्याला फक्त विषय माहीत होता. शेजाऱ्याच्या फवारण्यांची हकिकत लिहून झाली, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की सगळा प्रश्न झाड उपटायला केलेल्या उशिराचा आहे. म्हणजे पहिला खर्डा त्याने स्वतःला समजण्यासाठी लिहिला, आणि त्या कामासाठी तो क्रम बरोबरच होता. वाचणाऱ्यासाठी मात्र तो उलटा पडतो. म्हणूनच लिहायला बसताना क्रमाची काळजी करू नये. ती खर्डा पुरा झाल्यावर करायची.

शेवटचा परिच्छेदच सगळ्यात बळकट आहे हे ओळखायचं कसं?

प्रत्येक परिच्छेदासमोर, समासात किंवा वेगळ्या कागदावर, एकेक वाक्य लिहा: हा परिच्छेद काय सांगतो? विषय लिहून भागणार नाही, विधान हवं. «मावा किडीबद्दल» हा विषय झाला. «मावा रोगट झाडावरून निरोगी झाडावर विषाणू नेतो» हे विधान झालं. ज्या परिच्छेदाचं विधान लिहिताच येत नाही, त्याच्यावर खूण करून ठेवा, तो पुढे लागेल.

मग प्रत्येक विधानापुढे «मग?» असा प्रश्न टाका. मावा विषाणू नेतो. मग? फवारणीने झाड सुधारलं नाही. मग? दोन्हींचं उत्तर सातव्या परिच्छेदात मिळतं: झाड उपटा. सातव्याला «मग?» विचारलं तर पुढे काही उरत नाही, काम करायचं तेवढं राहतं. बाकीचे परिच्छेद ज्याच्याकडे बोट दाखवतात तो बळकट परिच्छेद.

इथे एक फसगत होते. काही लेखांचा शेवट मोठ्या आवाजाचा असतो: बळीराजा, आता तरी जागा हो, एकजूट कर. तो जोरकस वाटतो, पण त्यातून कोणतंही विधान निघत नाही. असा शेवट वर नेला तर लेख आणखी बिघडतो. जोर आवाजात आहे की सांगण्यात, हे समासातलं वाक्य लगेच दाखवतं.

मग शेवटचा परिच्छेद उचलून सगळ्यात वर ठेवला की झालं?

नाही, आणि बहुतेकांचं काम इथेच अडतं. शेवटी लिहिलेला परिच्छेद आधीच्या सगळ्यांच्या भरवशावर उभा असतो. सातवा परिच्छेद जसाच्या तसा वर ठेवून वाचा. «म्हणून» हा पहिलाच शब्द. कशाम्हणून? अजून काहीच सांगितलेलं नाही. «असं झाड» म्हणजे कसं झाड? पट्ट्यांचं वर्णन तिसऱ्या परिच्छेदात राहिलं. «वर सांगितल्याप्रमाणे» म्हणताना वर फक्त शीर्षक आहे. आणि रोगाचं नाव तर परिच्छेदात कुठेच नाही, कारण ते आधी येऊन गेलं होतं.

तेव्हा हलवण्याआधी त्या परिच्छेदातले असे उधारीचे शब्द अधोरेखित करा: म्हणून, असा, तो, त्यामुळे, तसंच, वर म्हटल्याप्रमाणे. प्रत्येकासाठी ठरवा, की तो काढायचा की त्याच्या जागी ती गोष्टच लिहायची. «मला शेतकरी बांधवांना एवढंच सांगायचं आहे» ही ओळ समारोपाची आहे, ती सरळ जाऊ द्या. «असं झाड» याच्या जागी लक्षण आणा. रोगाचं नाव आणा. आणि एक कारण जवळ ठेवा, कारण स्वतःच्या हाताने वाढवलेलं झाड उपटायला सांगताना कारण दोन परिच्छेद लांब असून चालत नाही.

इतकं केल्यावर नवी सुरुवात अशी होते:

«केळीच्या कोवळ्या पानावर शिरांना समांतर पिवळे पट्टे दिसले, तर ते झाड त्याच दिवशी मुळासकट उपटा आणि शेताबाहेर नेऊन पुरा. हा हरण्या रोग आहे, कृषी खात्याच्या भाषेत सीएमव्ही. लागण झालेलं झाड कोणत्याही फवारणीने बरं होत नाही. ते उभं आहे तोवर मावा कीड त्याच्यावरचा विषाणू शेजारच्या झाडांवर नेत राहते.»

लांबी जवळपास तेवढीच आहे. यातली एकही माहिती नवी नाही, सगळी लेखात होतीच. लक्षण तिसऱ्या परिच्छेदातून आलं, मावा चौथ्यातून, फवारणीची गोष्ट पाचव्यातून. वाचणारा इथेच थांबला तरी त्याच्या हाती काम लागलं.

सातव्या परिच्छेदातलं आंतरपिकाचं वाक्य कुठे गेलं?

ते मुद्दाम खाली ठेवलं. शेवटच्या परिच्छेदात बहुधा एकाऐवजी दोन मुद्दे असतात, कारण लिहिणारा थांबण्याआधी उरलंसुरलं तिथे टाकतो. «तसंच» हा शब्द दिसला की समजावं, जोड इथे आहे. झाड उपटणं आजचं काम आहे. बागेत मिरची, टोमॅटो किंवा काकडी न घेणं हा लागवडीच्या वेळचा निर्णय आहे. दोन्ही एकत्र वर नेले तर पहिल्याची तातडी पातळ होते.

शिवाय आंतरपिकाचा सल्ला कारणाशिवाय कोणी ऐकणार नाही. केळीचा पैसा हाती यायला वर्ष जातं, मधल्या काळात मिरचीने घर चालतं. ज्याचं घर त्यावर चाललं आहे त्याला आधी पटलं पाहिजे, की मिरचीवरचा मावा आणि केळीवरचे पट्टे यांचा संबंध आहे. म्हणून हे वाक्य चौथ्या परिच्छेदाच्या नंतरच येऊ शकतं.

बाकीच्या परिच्छेदांचा क्रम कसा ठरवायचा?

नवी सुरुवात वाचल्यावर वाचणाऱ्याच्या मनात जो पहिला प्रश्न येईल, त्याचं उत्तर दुसऱ्या जागी. मग त्या उत्तरातून येणारा प्रश्न, त्याचं उत्तर तिसऱ्या जागी. इथे पहिला प्रश्न सरळ आहे: माझ्या बागेतलं हे हरण्याच आहे का? पान दुसऱ्या कारणानेही पिवळं पडतं. म्हणून जुना तिसरा परिच्छेद दुसरा झाला, लक्षणांच्या पूर्ण वर्णनासह. पुढचा प्रश्न: उपटायचंच कशाला, औषध मारून पाहू की? त्याला शेजाऱ्याची हकिकत उत्तर देते, म्हणून जुना पाचवा तिसरा झाला. मग: फवारणीने का थांबत नाही, पसरतो तरी कसा? जुना चौथा इथे आला.

मूळ लेखात चौथा आणि पाचवा उलट होते, आधी शास्त्र आणि मग हकिकत. निष्कर्ष शेवटी असताना तो क्रम ठीक होता, कारण शास्त्रावरून हकिकत समजत होती. निष्कर्ष पुढे गेल्यावर वाचणारा शंका घेऊन पुढे येतो आणि शंकेला शेजारच्या शेतातली गोष्ट लवकर उत्तर देते. एक परिच्छेद हलवला की दुसऱ्यांचं नातंही बदलतं ते असं. फक्त पहिला-शेवटचा अदलाबदल करून म्हणूनच भागत नाही.

भरपाईचा सहावा परिच्छेद या साखळीत कोणत्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही. समासात त्याचं विधान लिहायला गेलो तर «पंचनामे वेळेवर व्हावेत» एवढंच मिळतं. तो महत्त्वाचा आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा.

तापीकाठाचं वर्णन मनापासून लिहिलं आहे. ते टाकून द्यायचं?

मनापासून लिहिलं आहे म्हणून त्याच्याकडे थोडं थांबून पाहू. त्याचं काम काय होतं? केळी या भागाला किती जवळची आहे हे सांगणं. रावेर, यावल, चोपड्याच्या वाचकाला ते सांगायची गरज नाही, तो सकाळी उठून बागेतच जातो. नागपूरच्या किंवा कोकणातल्या वाचकासाठी लिहीत असाल तर त्याला दोन वाक्यांची गरज आहे, पूर्ण परिच्छेदाची नाही.

आपल्या लेखात त्यातलं एकच वाक्य वापरता येतं. हा रोग शेजाऱ्याच्या बांधावर थांबत नाही असं चौथ्या जागी म्हणताना, तापीकाठी केळीच्या बागा मैलोन्मैल एकमेकींना लागून आहेत, हे तिथे सांगावं. पहिल्या परिच्छेदात ते नुसतं वर्णन होतं, इथे ते रोग पसरण्याचं कारण होतं. मानांकनाचं साल या लेखात कुठेच लागत नाही. खर्चाच्या परिच्छेदातूनही मृगबागेबद्दलचं वाक्य तेवढं लक्षणांकडे न्यावं, कारण जून-जुलैत लावलेली रोपं पावसाळ्यात कोवळी असतात आणि लक्षण तेव्हाच शोधायचं असतं. राहिलेलं जपून ठेवा. जळगाव केळीवर लिहाल तेव्हा ते पहिल्या जागेला शोभेल.

सगळं आधीच सांगितलं तर पुढे कोण वाचेल?

ज्याला त्या गोष्टीची गरज आहे तो वाचेल. «झाड उपटा» हे वाचून रोपाचे पैसे मोजलेला माणूस तिथेच निघून जात नाही. त्याला खात्री हवी असते आणि ती खाली आहे. उलट सहा परिच्छेद काहीच हाती लागलं नाही म्हणून निघून जाणारे खूप. मोबाइलवर वाचणारा तर पडद्यावर मावेल तेवढं पाहूनच ठरवतो. वर्तमानपत्रांत बातमी लिहिताना काय घडलं ते पहिल्या परिच्छेदात आणि तपशील उतरत्या महत्त्वाने खाली, अशी उलट्या पिरॅमिडची पद्धत पूर्वीपासून आहे. जागा कमी पडली तर खालून कापता यावं हीही त्यातली सोय.

लेख मात्र अगदी बातमीसारखा उतरता करू नये. बातमीचा शेवटचा परिच्छेद सगळ्यात कमी महत्त्वाचा असतो. लेखाला शेवटीही काहीतरी भक्कम लागतं.

मग शेवटी काय ठेवायचं?

मुद्दा वर नेल्यावर लेखाचा शेवट उघडा पडतो. तिथे तोच मुद्दा पुन्हा लिहायचा मोह होतो, तो टाळा. वाचणाऱ्याने तो वाचलेला आहे आणि मधल्या परिच्छेदांनी तो पटवलेला आहे.

शेवटी ती गोष्ट ठेवा जी समजायला आधीचं सगळं वाचलेलं असावं लागतं. आपल्याकडे ती तयार आहे: आंतरपिकाचं वाक्य. मावा कुठे वाढतो हे कळल्यावर ते येतं आणि वाचणाऱ्याला आजच्या झाडाकडून पुढच्या लागवडीकडे नेतं. त्याला थोडी जागा द्या, कोणती पिकं टाळायची ते नीट लिहा, बांधावरचं तणही मावा आणि विषाणूला आसरा देतं ते सांगा, आणि थांबा. म्हणजे सात परिच्छेदांच्या जागी पाच झाले: करायचं काम, लक्षणं, शेजाऱ्याच्या फवारण्या, मावा आणि लागून असलेल्या बागा, पुढची लागवड.

असा बदल कधी करू नये?

ललित लेखात करू नये. श्रावणात गावाकडे कानबाई देवी बसते, भाऊबंद जमतात, नैवेद्याच्या रोटांच्या दळणासाठी सवाष्णींची धावपळ होते. यावर लिहिताना शेवटी आजीबद्दलची एखादी गोष्ट उलगडत असेल, तर ती शेवटीच हवी. ती माहिती नव्हे, वाचणाऱ्याने तिथवर चालत यायचं असतं. एक परीक्षा करा: शेवटची गोष्ट एका वाक्यात आधी सांगितली तर तिचं वजन तेवढंच राहतं का? झाड उपटण्याचं राहतं. आजीच्या गोष्टीचं जातं.

दुसरा प्रसंग विरोधातल्या वाचकाचा. ज्याचं मत ठाम उलट आहे त्याच्यापुढे पहिल्याच ओळीत निष्कर्ष ठेवला तर तो वाद घालायच्या तयारीनेच पुढचं वाचतो. आंतरपिकाचा सल्ला याच जातीचा आहे. तोच लेखाचा मुख्य मुद्दा असता, तर सुरुवात मान्य असलेल्या गोष्टीने, म्हणजे मिरचीवर मावा येतो इथून, केली असती.

शीर्षकही बदलावं लागतं का?

बहुधा हो. «केळी पिकावरील हरण्या रोग: एक चिंतन» हे जुन्या क्रमाचं शीर्षक आहे. आता «पिवळ्या पट्ट्याचं केळीचं झाड त्याच दिवशी उपटा» असं लिहिता येतं. शीर्षकात विधान सहज बसत असेल तर पहिला परिच्छेद योग्य जागी आल्याची तीही एक खूण आहे.

परिच्छेद हलवायला सोपी रीत कोणती?

Word मध्ये परिच्छेदात कर्सर ठेवून Alt + Shift + ↑ किंवा Alt + Shift + ↓ दाबलं की पूर्ण परिच्छेद वर-खाली सरकतो, कापून चिकटवावं लागत नाही. पण क्रम ठरवायचं काम पडद्यावर करू नका. प्रत्येक परिच्छेदाचं समासातलं विधान वेगळ्या चिठ्ठीवर लिहून टेबलावर मांडा. पूर्ण मजकूर समोर असला की डोळा वाक्यं सुधारण्यात रमतो आणि क्रम तसाच राहतो. हलवण्याआधी मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा.

नवा क्रम बसला की नाही, ते कसं तपासायचं?

तीन गोष्टी करा. पहिली, प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य मोठ्याने वाचा. पाच वाक्यांतून बोलणं पुढे सरकत असेल तर क्रम ठीक. कुठे उडी वाटली तर तिथे जोडवाक्य नाही किंवा परिच्छेद चुकीच्या जागी आहे.

दुसरी, Ctrl + F लावून «वर», «म्हणून», «त्यामुळे», «आधी» हे शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी पाहा, की ते ज्याच्याकडे बोट दाखवतात ते खरंच वर आहे का. त्याच बैठकीत सीएमव्ही, मावा, पोगा, मृगबाग हे शब्द शोधा. प्रत्येकाची ओळख आता नव्या क्रमात जिथे तो पहिल्यांदा येतो तिथे हवी. हलवलेल्या लेखात सर्वात जास्त दिसणारी चूक हीच असते: शब्द दुसऱ्या परिच्छेदात वापरलेला आणि त्याचा अर्थ चौथ्यात दिलेला.

तिसरी, पहिला परिच्छेद केळी लावणाऱ्या एखाद्या काकांना वाचून दाखवा आणि विचारा, «काका, उद्या बागेत असं पान दिसलं तर काय कराल?» त्यांनी «उपटून शेताबाहेर पुरेन» म्हटलं तर पुढे सरका. त्यांनी «कोणतं औषध मारायचं?» असं विचारलं तर फवारणीचं वाक्य अजून पुरेसं ठळक नाही, ते दुसऱ्या ओळीत आणा आणि पुन्हा वाचून दाखवा.